एकच सॅम्पल, पाच निकाल

सप्टेंबर २०१६. अमेरिकेतली अध्यक्षपदाची निवडणूक दोन महिन्यांवर आली होती. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने सिएना कॉलेजच्या साथीने फ्लोरिडा राज्यात ८६७ संभाव्य मतदारांच्या फोनवर मुलाखती घेतल्या होत्या. एरवी अशा मुलाखतींचा हिशेब होतो, आकडा छापला जातो आणि विषय संपतो. या वेळी वृत्तपत्राने मुलाखतींची सगळी कच्ची माहिती चार नावाजलेल्या सर्वेक्षक गटांच्या हाती दिली आणि प्रत्येकाला आपापल्या पद्धतीने निष्कर्ष काढायला सांगितलं. पाचवा हिशेब वृत्तपत्राचा स्वतःचा होता.

माणसं तीच, प्रश्न तेच, उत्तरंही तीच. तरी एका गटाच्या हिशेबात हिलरी क्लिंटन ४ टक्क्यांनी पुढे निघाल्या, दुसऱ्याच्या ३ टक्क्यांनी, तिसऱ्याच्या १ टक्क्याने. वृत्तपत्राच्या हिशेबातही त्या १ टक्क्यानेच पुढे होत्या. चौथ्या गटाच्या मते मात्र डोनाल्ड ट्रम्प १ टक्क्याने आघाडीवर होते. प्रत्यक्षात नोव्हेंबरमध्ये ट्रम्प यांनी फ्लोरिडा सव्वा टक्क्याच्या आसपास फरकाने जिंकलं.

जनमत चाचणीच्या बातमीखाली बारीक अक्षरांत एक ओळ असते: ‘मार्जिन ऑफ एरर अधिक-उणे ३ टक्के, कॉन्फिडन्स लेव्हल ९५ टक्के.’ फ्लोरिडाच्या सॅम्पलचा हा आकडा नेहमीच्या सूत्राने काढला, तर तो अधिक-उणे ३.३ येतो. सूत्रात फक्त माणसांची संख्या भरायची असते, त्यामुळे पाचही जणांना हाच आकडा मिळाला असता. त्यांच्या निकालांत पडलेल्या ५ टक्क्यांच्या अंतराबद्दल मात्र त्या ओळीला काहीच सांगता आलं नसतं.

हे कसं, ते कळायला आधी तो ३.३ येतो कुठून, हे पाहावं लागतं. समजा, राज्यातले बरोबर निम्मे मतदार एका उमेदवाराच्या बाजूने आहेत. त्यांतून चिठ्ठ्या टाकून ८६७ जण निवडले, तर दर वेळी बरोबर निम्मेच समर्थक हाती लागतील असं नाही. कधी ४८ टक्के लागतील, कधी ५१. अशी निवड शंभरदा केली, तर साधारण ९५ वेळा उत्तर ४६.७ ते ५३.३ टक्क्यांच्या आत पडतं. खऱ्या आकड्याच्या दोन्ही बाजूंची ही ३.३ टक्क्यांची जागा म्हणजे मार्जिन ऑफ एरर आणि ‘शंभरातून ९५ वेळा’ ही झाली कॉन्फिडन्स लेव्हल. हिशेब घरीही करता येतो. सॅम्पलमधल्या माणसांच्या संख्येचं वर्गमूळ काढायचं आणि ९८ला त्याने भागायचं. ८६७चं वर्गमूळ साडेएकोणतीसच्या जवळपास येतं, म्हणून उत्तर ३.३. हजार माणसांसाठी ते ३.१ येतं. चूक निम्मी करायची, तर माणसं चौपट लागतात.

राज्य केवढं आहे, याला या सूत्रात जवळजवळ किंमत नाही. २०२२ साली गोव्यात जेमतेम साडेअकरा लाख मतदार होते आणि उत्तर प्रदेशात पंधरा कोटी. तरीही चिठ्ठ्या टाकून निवडलेले हजार मतदार दोन्हीकडे सारखंच मार्जिन देतात.

‘९५ टक्के’ हा आकडा वाचताना गल्लत हमखास होते. ही चाचणी खरी ठरण्याची शक्यता ९५ टक्के आहे, असा त्याचा अर्थ नाही. ती हमी पद्धतीबद्दलची आहे: सगळं नियमाप्रमाणे पार पडलं, तरी अशा शंभर चाचण्यांपैकी पाचेक सीमेबाहेर जाणारच. शिवाय ही पातळी सर्वेक्षकाने निवडलेली असते. त्याच ८६७ जणांवरून ९० टक्क्यांची पातळी धरली, तर मार्जिन २.८ दिसतं आणि ९९ टक्क्यांची धरली, तर ४.४. म्हणून कॉन्फिडन्स लेव्हल न सांगता नुसतं मार्जिन छापलं, तर ते अर्धवटच राहतं.

आणखी एक गोष्ट मथळ्यांत हरवते. अधिक-उणे ३.३ हे एका उमेदवाराच्या टक्केवारीचं मार्जिन आहे, दोघांमधल्या आघाडीचं नव्हे. एकाला चुकून जास्त टक्के मिळाले, की बहुधा दुसऱ्याच्या वाट्याचे कमी झालेले असतात, म्हणून आघाडीवरची अनिश्चितता जवळपास दुप्पट होते. फ्लोरिडाच्या चाचणीत ती ६ टक्क्यांच्या घरात होती. म्हणजे १ टक्क्याची आघाडी आणि १ टक्क्याची पिछाडी यांत त्या सॅम्पलवरून निवड करताच येत नव्हती. तीच गत पोटगटांची. हजारांच्या सॅम्पलमध्ये पंचविशीच्या आतले शंभरच मतदार असतील, तर ‘तरुणांचा कल’ म्हणून छापलेल्या आकड्याचं मार्जिन जवळजवळ १० टक्के असतं.

इथवरचा सगळा हिशेब एका गृहीतावर उभा आहे: प्रत्येक मतदार निवडला जाण्याची संधी सारखी होती आणि निवडलेल्या प्रत्येकाने उत्तर दिलं. प्रत्यक्षात दोन्ही गोष्टी घडत नाहीत. अमेरिकेतल्या ‘प्यू रिसर्च सेंटर’च्या फोन सर्वेक्षणांना १९९७ साली शंभरातले ३६ जण प्रतिसाद देत होते, २०१८पर्यंत ही संख्या ६वर आली. उरलेले ९४ जण या सहांसारखेच असतील, तर बिघडत नाही. पण फोन ठेवून देणाऱ्यांत एका पक्षाचे लोक थोडे जास्त असतील, तर सॅम्पल हजाराचं दहा हजार केलं तरी चूक जागच्या जागी राहते. उलट मार्जिन आक्रसतं आणि चुकीचा आकडा अधिक नेमका वाटू लागतो.

ही उणीव भरून काढायला सर्वेक्षक ‘वेटिंग’ करतात, म्हणजे उत्तरांना वजन देतात. सॅम्पलमध्ये तरुण कमी आले असतील, तर प्रत्येक तरुणाचं उत्तर एकाऐवजी दीड माणसाचं धरायचं. पण खऱ्या मतदारांत तरुण किती, हे कुठून घ्यायचं? जनगणनेवरून की मतदारयादीवरून? आणि मतदानाला प्रत्यक्ष जाणार कोण? ‘मी नक्की जाणार’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवायचा, की मागच्या निवडणुकांत तो गेला होता का, याची नोंद पाहायची? फ्लोरिडाच्या पाच हिशेबांची वाट फुटली ती इथेच. मतदारांत गोऱ्यांचं प्रमाण किती असेल, याचा अंदाजच साधारण ६५ ते ७० टक्क्यांच्या दरम्यान हेलकावत होता. पाचांपैकी कुणीही लबाडी केली नव्हती. प्रत्येकाचा निर्णय समर्थनीय होता आणि अशा निर्णयांना मार्जिनच्या सूत्रात जागाच नसते.

भारतात अडचण वेगळ्या ठिकाणी येते. घरोघरी जाऊन मुलाखती घ्यायच्या, तर हजार मतदार हजार गावांत शोधणं परवडत नाही. म्हणून आधी मतदारसंघ निवडतात, मग त्यांतली मतदान केंद्रं आणि शेवटी केंद्राच्या यादीतली नावं. समजा, ४० केंद्रं निवडली आणि प्रत्येक केंद्रावर २५ जण गाठले. एका वस्तीतले लोक जातीने, धंद्याने, राजकीय कलाने बरेचदा एकमेकांसारखे असतात, त्यामुळे पंचविसावा माणूस पहिल्यापेक्षा फारसं नवं काही सांगत नाही. हे साम्य अगदी माफक धरलं, संख्याशास्त्राच्या मापात ०.०५, तरी हजार मुलाखतींची किंमत ४५५ स्वतंत्र मुलाखतींएवढीच उरते. मार्जिन ३.१ नसून ४.६ होतं. चाचणीखालच्या ओळीत ३.१ छापलं आहे की ४.६, यावरून सर्वेक्षकाने हा हिशेब केला होता का, ते ओळखता येतं.

त्यापुढे येतो जागांचा प्रश्न. २०२४च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्रात महाविकास आघाडी आणि महायुती यांच्या एकूण मतांत अर्ध्या टक्क्याचंही अंतर नव्हतं. जागा मात्र ३० आणि १७ अशा पडल्या. मुंबई वायव्य मतदारसंघाचा निकाल तर ४८ मतांनी लागला. मतांची टक्केवारी कुणी दशांशापर्यंत अचूक सांगितली असती, तरी तिच्यावरून ३० आणि १७ हे आकडे निघाले नसते. मतांचं रूपांतर जागांत करायला सर्वेक्षक वेगळं गणित मांडतो आणि त्यात मागच्या निवडणुकांचे कल, बंडखोर, मतविभागणी यांबद्दलचे अंदाज मिसळलेले असतात. एक्झिट पोलमध्ये ‘इतक्या ते इतक्या जागा’ असा पट्टा दिसतो. तो या अंदाजांतून आलेला असतो आणि त्याच्यामागे ९५ टक्क्यांची कुठलीही हमी नसते.

त्याच निवडणुकीत ‘ॲक्सिस माय इंडिया’ने देशभरात सुमारे ५.८ लाख मतदारांना विचारून राष्ट्रीय लोकशाही आघाडीला ३६१ ते ४०१ जागा दिल्या होत्या. प्रत्यक्षात मिळाल्या २९३. साध्या सूत्राने ५.८ लाखांचं मार्जिन ०.१३ टक्के येतं.

मग खरी चूक केवढी धरायची? शिरानी-मेहर, रॉथ्सचाइल्ड, गोयल आणि गेलमन या अभ्यासकांनी २०१८ साली त्याचं उत्तर उलट्या बाजूने शोधलं. १९९८ ते २०१४ या काळातल्या अमेरिकेतल्या ६०८ निवडणुका आणि त्यांच्या शेवटच्या तीन आठवड्यांतल्या ४,२२१ चाचण्या त्यांनी प्रत्यक्ष निकालांशी ताडून पाहिल्या. चाचण्या निकालापासून सरासरी साडेतीन टक्के दूर होत्या. छापलेल्या मार्जिनवरून जेवढी चूक अपेक्षित होती, तिच्या सुमारे दुप्पट. शिवाय एकाच निवडणुकीतल्या वेगवेगळ्या चाचण्या बरेचदा एकाच दिशेला चुकत होत्या. त्यामुळे दहा चाचण्यांची सरासरी काढली, तरी ही चूक पुसली जात नाही.

ब्रिटनमधल्या सर्वेक्षकांच्या परिषदेने, ‘ब्रिटिश पोलिंग कौन्सिल’ने, २०१८पासून यावर एक व्यवहारी तोडगा काढला. सूत्रातून आलेल्या मार्जिनऐवजी सदस्य संस्थांनी पूर्वीच्या चुका सांगायच्या. २००१पासूनच्या निवडणुकांचा अनुभव पाहता पक्षाचा खरा पाठिंबा छापलेल्या आकड्याच्या ४ टक्के अलीकडे-पलीकडे असण्याची शक्यता दहात नऊ, तर २ टक्क्यांच्या आत असण्याची शक्यता तीनात दोन, अशा आशयाचं निवेदन चाचणीसोबत येऊ लागलं. चार जुलै २०२४ला ब्रिटनमध्ये सार्वत्रिक निवडणूक झाली. शेवटच्या चाचण्यांनी मजूर पक्षाला सरासरी ३९ टक्क्यांच्या आसपास मतं दिली होती. ग्रेट ब्रिटनमध्ये त्याला ३५ टक्क्यांपेक्षाही किंचित कमी मिळाली. अनुभवावरून आखलेली ४ टक्क्यांची वेस त्या रात्री सरासरीनेच गाठली आणि तरीही मजूर पक्षाने ४११ जागा जिंकून सरकार बनवलं.