आखेनमधला पहिला महिना

जर्मनीला मास्टर्स करायला निघालेल्या मुलाचे पैसे बहुतेक वेळा त्याच्याआधीच तिथे पोहोचलेले असतात, आणि तरीही पहिले काही आठवडे ते त्याच्या हाती लागत नाहीत. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे 11,904 युरो भरावे लागतात. त्यातून दरमहा 992 युरो सुटतात, पण त्यासाठी तिथल्या बँकेत चालू खातं उघडून त्याचा क्रमांक कळवावा लागतो. खात्यासाठी बऱ्याचदा पत्त्याची नोंदणी लागते आणि नोंदणीसाठी नगरपालिकेची वेळ. यात दोन-चार आठवडे सहज जातात. फॉरेक्स कार्ड, रोख की डेबिट कार्ड हा प्रश्न खरा आहे तो एवढ्या मधल्या काळापुरता. वर्षभराचा खर्च फॉरेक्स कार्डावर चढवून मुलाला पाठवणारे पालक भेटतात. एवढी गरज नसते.

सांगलीहून आखेनला निघालेल्या एका मुलीचा हिशेब मांडू. पहिल्या महिन्याचं भाडं आणि अनामत घरच्यांनी भारतातूनच बँकेमार्फत घरमालकाच्या खात्यावर पाठवली आहे. हे मुद्दाम आधी सांगतो, कारण फॉरेक्स कार्ड हे नुसतं कार्ड असतं. त्यामागे युरोपातल्या घरमालकाला किंवा विद्यापीठाला पैसे पाठवता येईल असं खातं नसतं. कार्डावर दोन हजार युरो पडून आहेत आणि खात्यावर पैसे मागणाऱ्या घरमालकाला एक युरोही देता येत नाही, अशी अवस्था होऊ शकते. भाडं सोडलं, तर जेवणखाण, प्रवास, सिमकार्ड, गादी-पांघरूण आणि निवास परवान्याची फी धरून तिला महिन्याला 1,200 युरो लागतील असं समजू. हिशेब सोपा जावा म्हणून युरोचा बाजारभाव 100 रुपये धरू.

हे सगळं तिने भारतातल्या डेबिट कार्डाने भागवलं तर? बऱ्याच बँका परकी चलनातल्या व्यवहारावर साडेतीन टक्क्यांपर्यंत मार्कअप लावतात, आणि त्या मार्कअपवर 18 टक्के जीएसटी. म्हणजे शंभर रुपयांमागे 4 रुपये 13 पैसे जास्तीचे. 1,20,000 रुपयांच्या खर्चावर हे 4,956 रुपये होतात. एटीएमचं आणखी वाईट. तिने 50 युरो काढले आणि बँकेचं शुल्क दर वेळी 150 रुपये असलं, तर 150 अधिक मार्कअपचे 175 असे 325, त्यावर जीएसटी धरून साधारण 384 रुपये. पाच हजार काढायला पावणेचारशेहून जास्त मोजायचे. शुल्क रकमेवर नसून खेपेवर असतं, म्हणून रोज वीस-वीस युरो काढण्यासारखा महागडा उद्योग दुसरा नाही.

फॉरेक्स कार्डाच्या जाहिरातीत 'शून्य मार्कअप' लिहिलेलं असतं. ते खोटं नसतं, पण विकणाऱ्याचा नफा भावात बसवलेला असतो. त्या दिवशी बाजारात युरो 100 रुपयांना असेल आणि कार्डावर तो 101.20 ने चढवला, तर 1,200 युरोंमागे 1,440 रुपये तिथेच गेले. चलन बदलण्यावरचा जीएसटी साधारण 200 रुपये, शिवाय कार्ड देण्याचं शुल्क. एकूण दोन हजारांच्या आसपास. डेबिट कार्डाच्या निम्म्याहून कमी, पण शून्य नव्हे. दोन-तीन ठिकाणी भाव विचारताना टक्केवारीत शिरू नये. '1,200 युरो कार्डावर हवेत, सगळं धरून खिशातून किती जाणार?' एवढाच प्रश्न सगळीकडे विचारावा आणि मिळालेल्या आकड्याला 1,200 ने भागावं. भाव एकदा बांधला की पुढे युरो चढला तरी तिचं नुकसान नाही. उतरला तर फायदाही नाही, हे घरच्यांनी आधीच मान्य केलेलं बरं.

या कार्डाच्या मर्यादा मात्र माहीत हव्यात. आखेन बेल्जियम आणि नेदरलँड्सच्या सीमेवर आहे. त्या दोन्ही देशांत युरोच चालतो, म्हणून तिकडच्या दुकानातही जादा काही कापलं जात नाही. पण सुटीत मैत्रिणींबरोबर प्राग किंवा झुरिकला गेली, की युरोच्या कार्डावरून कोरुना किंवा फ्रँक द्यावे लागतात आणि तिथे चलनबदलाचे तीन-साडेतीन टक्के लागू शकतात. ऑनलाइन खरेदीसाठी ओटीपी भारतातल्या नंबरवर येतो, म्हणून विमानात बसण्याआधी त्या सिमचं रोमिंग सुरू करून घ्यायला हवं. बऱ्याच कार्डांच्या पाकिटात एक पर्यायी कार्डही असतं. ते पर्समध्ये मूळ कार्डाशेजारी ठेवलं तर त्याचा उपयोग काय? त्याची जागा खोलीवरच्या बॅगेत.

सगळ्यात जास्त पैसे जातात ते स्क्रीनवरच्या एका प्रश्नाने. कार्ड भारतातलं आहे हे मशीन ओळखतं आणि विचारतं: EUR की INR? रुपये ओळखीचे, म्हणून नवखं माणूस INR दाबतं. 50 युरोंचे मशीन 5,400 रुपये लावतं, म्हणजे आठ टक्के इथेच गेले. आता तिच्या कार्डावर रुपये नाहीतच, युरो आहेत. म्हणून बँक त्या 5,400 रुपयांचे पुन्हा युरो करते, वर चलनबदलाचं शुल्क घेते, आणि 50 च्या जागी जवळपास 56 युरो जातात. युरो असलेल्या कार्डाने, युरो चालणाऱ्या देशात! डेबिट कार्डालाही हाच प्रश्न येतो आणि उत्तर दोन्हीकडे एकच, EUR. जर्मन एटीएमवर 'ohne Umrechnung' असे शब्द दिसले तर तेच बटण, अर्थ 'चलन न बदलता'. पावतीवर रुपयांचा आकडा दिसला, तर चूक झाली हे लगेच कळतं. दुकानात असाल तर तिथल्या तिथे तो व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगता येतो.

रोख रकमेबद्दल आपल्याकडे दोन टोकं आहेत. एक म्हणजे कंबरेला पट्टा बांधून हजारो युरो नेणं, आणि दुसरं म्हणजे 'तिकडे सगळं कार्डावर चालतं' म्हणून रिकाम्या खिशाने उतरणं. नियमाप्रमाणे एका प्रवासाला 3,000 डॉलरच्या किमतीपर्यंत परकी नोटा नेता येतात, पण तेवढ्या लागत नाहीत. नोटांचा भाव कार्डापेक्षा चढा असतो आणि हरवल्या तर संपलं. तरी जर्मनीत रोकड लागतेच. कित्येक बेकऱ्या, छोटी हॉटेलं रोख मागतात किंवा फक्त तिथलं देशी कार्ड घेतात. दीडशे-दोनशे युरो पुरे, आणि ते पाच, दहा, वीसच्या नोटांत मागून घ्यावेत. आपले एजंट शंभराच्या नोटा सहज पुढे करतात. दीड युरोच्या पावासाठी ती नोट दाखवली की गल्ल्यावरच्या बाईंच्या चेहऱ्यावरच उत्तर असतं.

मग डेबिट कार्ड घरीच ठेवायचं का? नाही. फॉरेक्स कार्ड अडकलं तर मागे काहीतरी हवंच. पण ते मुलीच्या स्वतःच्या नावाचं असावं. बाबांचं कार्ड आणि पिन हातात देणं बँकेच्या नियमांत बसत नाही, शिवाय ओटीपी सांगलीत जातो आणि आखेनमध्ये रात्रीचे दहा वाजलेले असले तर बाबा झोपलेले असतात. कार्ड रुपेचं असेल तर ते परदेशात चालणारं आहे का ते बँकेत विचारून घ्यावं, कारण व्हिसा किंवा मास्टरकार्डाइतकं ते जर्मनीत सगळीकडे घेतलं जात नाही. परदेशी वापर अॅपमधून सुरू करून मर्यादा वीस-तीस हजारांवर ठेवली की पुरे.

फॉरेक्स कार्डावर सुरुवातीला आठशे-नऊशे युरोच चढवावेत. कमी पडले तर घरून भरता येतात, जास्त झाले तर परत घेताना कमी भाव मिळतो आणि तोटा दोन्हीकडून होतो. जर्मन खातं सुरू झालं, पहिले 992 युरो आले, की फॉरेक्स कार्डावरची उरलेली शिल्लक सुपरमार्केटात किराणा घेऊन संपवायची. शेवटचे सात-आठ युरो उरले की बिलातले तेवढेच या कार्डावर आणि बाकीचे रोख घ्या, असं गल्ल्यावर सांगून बघायचं. बऱ्याच ठिकाणी ते करून देतात.