तीन मणी आणि कर्णाची बेरीज

दोन भिंतींच्या मध्ये चार सारख्या स्प्रिंगा आणि त्यांच्यामध्ये ओवलेले तीन सारखे मणी, अशी एक आडवी माळ डोळ्यांसमोर आणा. पहिला मणी जरासा उजवीकडे सरकवला, तर त्याच्या दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा त्याला जागेवर आणू बघतात. शेजारचा मणी त्या धक्क्याने थोडा पुढे ढकलला जातो आणि तिसऱ्याला थेट काहीच कळत नाही. हा सगळा व्यवहार नऊ आकड्यांत मांडता येतो:

```
 २   −१    ०
−१    २   −१
 ०   −१    २
```

पहिली रांग पहिल्या मण्याची, दुसरी दुसऱ्याची, तिसरी तिसऱ्याची. अशा चौकोनी मांडणीला मॅट्रिक्स म्हणतात, हे कॉलेजात गणित घेतलेल्यांना आठवत असेल.

मणी कसेही हलवून सोडले तर माळ वेडीवाकडी थरथरते. पण तीन चाली अशा आहेत की त्यांत सगळे मणी एकाच तालात डोलतात. त्यांतली एक चाल नुसती बघूनही सापडते. मधला मणी स्थिर ठेवा आणि कडेचे दोन विरुद्ध दिशांना सारखेच ओढा, म्हणजे सरकणं १, ०, −१. आता मॅट्रिक्सच्या रांगांनी गुणून बघा, उत्तर २, ०, −२ येतं. म्हणजे मूळच्या चालीची नेमकी दुप्पट, आकार तोच. हा जो पटीचा आकडा, इथे २, तिलाच त्या मॅट्रिक्सची आयगेनव्हॅल्यू म्हणतात. ‘आयगेन’ या जर्मन शब्दाचा अर्थ ‘स्वतःचं’. या आकड्याचं वर्गमूळ घेतलं की ती चाल किती जलद डोलते, ते कळतं.

उरलेल्या दोन आयगेनव्हॅल्यू कशा काढायच्या? पुस्तकी रीत सगळ्यांना घोटून घेतलेली असते: डिटरमिनंट मांडा, त्यातून बहुपदी काढा, बहुपदीचे अवयव पाडा. परीक्षेत हे जमतं, कारण प्रश्न काढणाऱ्याने अवयव पडतील असेच आकडे घेतलेले असतात. पाच मणी घेतले की पाचव्या घाताचं समीकरण येतं, आणि अशा समीकरणांसाठी नेहमीच्या चार क्रिया नि मुळं वापरून सर्वांना लागू पडणारं सूत्र असूच शकत नाही, हे आबेलने १८२४ मध्ये सिद्ध केलं आहे.

दुसरी एक वाट आहे. तिला फक्त गुणाकार, बेरीज आणि वर्गमुळाचं बटण असलेला साधा कॅल्क्युलेटर लागतो.

मॅट्रिक्सच्या डाव्या वरच्या कोपऱ्यापासून उजव्या खालच्या कोपऱ्यापर्यंत जाणाऱ्या तिरक्या रेषेला मुख्य कर्ण म्हणतात आणि त्यावरच्या आकड्यांच्या बेरजेला ट्रेस. आपल्या मॅट्रिक्सचा ट्रेस २ + २ + २ = ६. सगळ्या आयगेनव्हॅल्यूंची बेरीजही नेमकी ६ असते. यामागचं कारण असं. मॅट्रिक्स म्हणजे एकाच घटनेची एका ठरावीक कोनातून केलेली नोंद. कोन बदलला की आकडे बदलतात, पण ट्रेस बदलत नाही, कारण दोन मॅट्रिक्स कोणत्याही क्रमाने गुणल्या तरी गुणाकार वेगळे आले तर येतात, त्यांचा ट्रेस मात्र तोच राहतो. आता त्या तीन खास चालींच्याच कोनातून नोंद केली, तर कर्णावर तीन आयगेनव्हॅल्यू उरतात आणि बाकी सगळीकडे शून्य. त्यांची बेरीज म्हणजेच ट्रेस. (प्रत्येक मॅट्रिक्सला इतका सोयीचा कोन मिळतोच असं नाही. पण कर्णाच्या खाली सगळी शून्यं येतील असा कोन नेहमी मिळतो आणि या कामाला तेवढं पुरतं.)

खरी गंमत पुढे आहे. मॅट्रिक्सला तिनेच गुणलं, म्हणजे तीच क्रिया लागोपाठ दोनदा केली, तर खास चाल दोनदा पटीत वाढते. २ ची पट असेल तर ४ पट होते. म्हणून वर्गाचा ट्रेस म्हणजे आयगेनव्हॅल्यूंच्या वर्गांची बेरीज, घनाचा ट्रेस म्हणजे घनांची बेरीज, आणि असंच पुढे. आयगेनव्हॅल्यू अजून एकही माहीत नाही, पण त्यांच्या वर्गांची, चौथ्या घातांची, आठव्या घातांची बेरीज हातात येत जाते.

प्रत्यक्ष करून बघू. मॅट्रिक्सचा वर्ग असा येतो:

```
 ५   −४    १
−४    ६   −४
 १   −४    ५
```

कर्णाची बेरीज १६. आपली मॅट्रिक्स कर्णाच्या दोन्ही बाजूंना आरशासारखी सारखी आहे, त्यामुळे एक सोय होते: पुढच्या वर्गाचा ट्रेस काढायला पूर्ण गुणाकार करावाच लागत नाही, हातात असलेल्या नऊ आकड्यांचे वर्ग करून बेरीज केली की झालं. वरच्या नऊ आकड्यांवरून चौथ्या घाताचा ट्रेस मिळतो १५२. चौथा घात मांडला की पहिली रांग ४२, −४८, २६, दुसरी −४८, ६८, −४८ आणि तिसरी २६, −४८, ४२. त्यांच्या वर्गांची बेरीज १८,७२०, हा आठव्या घाताचा ट्रेस. आणखी एकदा तेच केलं की सोळाव्या घाताचा ट्रेस येतो ३४,०९,८४,३२०.

आता कॅल्क्युलेटर घ्या. १६ चं वर्गमूळ एकदा काढा: ४. १५२ वर वर्गमुळाचं बटण दोनदा दाबा: ३.५११. १८,७२० वर तीनदा: ३.४२०. चौतीस कोटींच्या त्या आकड्यावर चारदा: ३.४१४२५. आकडे वरून खाली येत एका जागी स्थिरावताहेत. सगळ्यात मोठी आयगेनव्हॅल्यू खरोखर २ + √२ आहे, म्हणजे ३.४१४२१. फरक पाचव्या दशांश स्थळावर.

हे का होतं, ते शेवटच्या ट्रेसमध्ये डोकावलं की कळतं. त्या चौतीस कोटींत आपल्याला आधीच सापडलेल्या २ चा वाटा २ चा सोळावा घात, म्हणजे ६५,५३६. सगळ्यात लहान आयगेनव्हॅल्यू १ पेक्षाही छोटी आहे, तिचा वाटा नगण्य. बाकीची सगळी रक्कम एकट्या थोरल्या आयगेनव्हॅल्यूची. घात वाढवत नेलं की थोरली बाकीच्यांना गिळून टाकते.

थोरली मिळाली की उरलेल्या दोघी फार काळ लपत नाहीत. त्यांची बेरीज ६ − ३.४१४२५ = २.५८५७५. त्यांच्या वर्गांची बेरीज १६ मधून ३.४१४२५ चा वर्ग वजा करून ४.३४२९०. बेरीज आणि वर्गांची बेरीज माहीत असली की दोन संख्या काढणं हे शाळेतलं गणित. उत्तर १.९९९९ आणि ०.५८५८. म्हणजे २ आणि २ − √२. डिटरमिनंट मांडला नाही, अवयव पाडले नाहीत.

इथे एक सावधगिरी हवी. थोरल्या आयगेनव्हॅल्यू दोन असल्या, अगदी एकसारख्या, तर ट्रेसमध्ये तिचा घात दोनदा मोजला जातो आणि सोळावं मूळ सुमारे साडेचार टक्क्यांनी जास्त येतं. हे ओळखायची खूण सोपी आहे: आधीच्या ट्रेसचा वर्ग करून पुढच्या ट्रेसने भागा. आपल्याकडे १६ च्या वर्गाला १५२ ने भागलं की १.६८, पुढे १.२३, त्यापुढे १.०३. भागाकार १ कडे चालला आहे, म्हणजे थोरली एकटीच. तो २ कडे गेला असता तर शेवटच्या ट्रेसला आधी २ ने भागून मग मुळं काढायची. सम घातांत चिन्ह पुसलं जातं, त्यामुळे ३.४१ आहे की −३.४१, हे ठरवायला घनाच्या ट्रेसकडे बघावं लागतं. आणि एखाद्या मॅट्रिक्सच्या वर्गाचा ट्रेसच ऋण आला, तर तिच्या सगळ्या आयगेनव्हॅल्यू वास्तव संख्या असणं शक्यच नाही, कारण वास्तव संख्यांच्या वर्गांची बेरीज ऋण होत नाही. पानभर आकडेमोड करून शेवटी गोंधळण्यापेक्षा ही तपासणी आधी केलेली बरी.

ट्रेसची ही युक्ती उर्बं ले व्हेरिए या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने १८४० मध्ये वापरली. ग्रह एकमेकांना ओढतात, त्यामुळे त्यांच्या कक्षा हजारो वर्षांत हळूहळू बदलतात. हा बदल तो सात ग्रहांसाठी मोजत होता. सातच, कारण आठवा, नेपच्यून, सापडायला १८४६ उजाडायचं होतं, आणि तोही याच ले व्हेरिएच्या गणितावरून सापडला. त्याची रीत आपल्यापेक्षा वेगळी होती. घातांच्या बेरजांवरून बहुपदीचे सहगुणक काढायचे संबंध न्यूटनच्या नावाने ओळखले जातात. ते वापरून तो बहुपदी उभी करत असे. आपल्या मण्यांसाठी पहिली पायरी अशी: ६ च्या वर्गातून १६ वजा करा, २ ने भागा, १० मिळतात, आणि हाच बहुपदीतल्या पुढच्या पदाचा आकडा. कागदोपत्री फार देखणी रीत आहे. मात्र बहुपदी मिळाल्यावर तिची मुळं काढायचं काम शिल्लकच राहतं.

मोठ्या मॅट्रिक्सच्या सगळ्या आयगेनव्हॅल्यू काढायला संगणक मात्र ही वाट घेत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. संगणक साधारण सोळा अंक लक्षात ठेवतो. समजा, दोन आयगेनव्हॅल्यू आहेत १००० आणि १. सहाव्या घाताचा ट्रेस होतो एकावर अठरा शून्यं, अधिक एक. हा शेवटचा एक एकोणिसाव्या अंकात बसतो, म्हणजे संगणकाच्या लेखी तो नाहीच. धाकटीची माहिती पुसली जाते आणि मग कितीही वजाबाक्या केल्या तरी परत येत नाही. आपल्या माळेत ०.५८५८ मिळाली ती म्हणूनच, कारण तिच्यासाठी आपण पहिल्या दोन लहान ट्रेसकडे वळलो, सोळाव्या घाताकडे नाही.

पण मॅट्रिक्स मोठी आणि आतून साधी असेल, तर ट्रेससारखं हत्यार नाही. एक ते दहाचा बेरजेचा तक्ता घ्या: दहा रांगा, दहा स्तंभ, प्रत्येक चौकटीत रांगेचा आणि स्तंभाचा क्रमांक मिळवून लिहिलेला. प्रत्येक रांग वरच्या रांगेपेक्षा सगळीकडे १ ने मोठी, म्हणजे सगळ्या दहा रांगा पहिल्या दोघींतूनच तयार होतात. त्यामुळे दहापैकी आठ आयगेनव्हॅल्यू शून्य आहेत आणि उरतात फक्त दोन. डिटरमिनंटच्या रस्त्याने गेलात तर दहाव्या घाताची बहुपदी वाट बघत असते. ट्रेसच्या रस्त्याने कर्णावरचे २, ४, ६ असे २० पर्यंतचे आकडे मिळवा, ११० येतील. मग तक्त्यातल्या शंभरही आकड्यांचे वर्ग मिळवा, १३,७५० येतील. दोन संख्या, त्यांची बेरीज ११०, वर्गांची बेरीज १३,७५०. कागद-पेन्सिल घेऊन सोडवून बघा; उत्तर ११७.०५ आणि −७.०५ च्या जवळपास आलं पाहिजे.