पीएसएस-१० चं स्कोअरिंग: उलटे प्रश्न, दोन बेरजा आणि कट-ऑफचा घोळ

आजचा भाग खास एम.ए. सायकॉलॉजीच्या प्रबंधात अडकलेल्यांसाठी. मी वीर स्टेशनच्या परिसरात राहतो. २२ जुलै २०२१ ला सावित्रीचं पाणी महाडमध्ये घुसलं, त्याच दिवशी तळियेत दरड कोसळली. तेव्हापासून आमच्याकडच्या मुलांना प्रबंधासाठी 'पूर आणि ताण' हा विषय हमखास सुचतो आणि हातात प्रश्नावली येते ती पर्सीव्ह्ड स्ट्रेस स्केलची, म्हणजे पीएसएस-१० ची. फॉर्म भरून घेणं जमतं. गाडी अडते ती गुण देताना. म्हणून आज फक्त तेवढंच बघू.

ही मापनी शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली मांडली. तेव्हा १४ प्रश्न होते, १९८८ मध्ये १० प्रश्नांची आवृत्ती आली. प्रत्येक प्रश्न गेल्या महिन्याबद्दल विचारतो. उत्तरं पाच: कधीच नाही ०, क्वचितच १, कधीकधी २, बऱ्याचदा ३, खूप वेळा ४. इथे पहिली गोष्ट लक्षात घ्या. 'गेल्या महिन्यात' असं विचारलंय, म्हणजे आज फॉर्म भरून घेतला तर तो आजचा ताण मोजतो, २०२१ च्या पुराचा नाही. फॉर्म जुलैच्या धो-धो पावसात भरून घेतला की जानेवारीत, हे प्रबंधात लिहायलाच हवं.

आता उलटे प्रश्न. १, २, ३, ६, ९ आणि १० हे सरळ प्रश्न आहेत: अचानक काही घडल्याने अस्वस्थ वाटलं का, अडचणींचा डोंगर झाला असं वाटलं का, वगैरे. जास्त गुण म्हणजे जास्त ताण. पण ४, ५, ७ आणि ८ चांगल्या बाजूने विचारतात: आपल्या अडचणी आपण हाताळू असा विश्वास वाटला का, गोष्टी मनासारख्या होतायत असं वाटलं का. इथे ४ लिहिणारा माणूस कमी ताणात आहे. म्हणून बेरजेआधी या चार प्रश्नांची उत्तरं ४ मधून वजा करायची. ० चे ४ होतात, १ चे ३, २ तसाच राहतो.

प्रश्नांचे क्रमांक मात्र आपल्या आवृत्तीचेच घ्या. १४ प्रश्नांच्या आवृत्तीत उलटे प्रश्न ४, ५, ६, ७, ९, १० आणि १३ आहेत. नेटवरून एका आवृत्तीची चावी आणि दुसरीचा फॉर्म घेतला तर सगळंच फिसकटतं. मराठी अनुवादात प्रश्नांचा क्रम बदललेला नाही ना, तेही एकदा वाचून बघा.

एक उदाहरण घेऊ. आकडे मी समजावण्यासाठी बनवलेत. दोन जणी आहेत, मीना आणि शालू. सरळ सहा प्रश्नांची बेरीज दोघींची सारखीच, १४. मीनाने ४, ५, ७, ८ ला ३, ३, २, ४ अशी उत्तरं दिली. उलटल्यावर १, १, २, ० होतात, बेरीज ४, आणि एकूण १८. शालूची उत्तरं १, १, २, ०. उलटल्यावर ३, ३, २, ४, बेरीज १२, एकूण २६. आता समजा, उलटायचं राहूनच गेलं. मग मीना २६ वर जाते आणि शालू १८ वर येते. दोघींची थेट अदलाबदल! आणि आकडे दिसायला अगदी ठीकठाक असल्याने शंकासुद्धा येत नाही.

एक्सेलमध्ये हे असं करा. ए कॉलममध्ये अनुक्रमांक, बी ते के मध्ये दहा उत्तरं जशीच्या तशी. मूळ उत्तरांवर हात फिरवायचा नाही, उलटलेले गुण सूत्रातच येऊ द्या. नाहीतर आज एकदा उलटलं, उद्या पुन्हा उलटलं, की परत मूळ पदावर. पुढचे चार कॉलम एल, एम, एन, ओ:

```
=B2+C2+D2+G2+J2+K2
=(4-E2)+(4-F2)+(4-H2)+(4-I2)
=L2+M2
=COUNT(B2:K2)
```

चौथं सूत्र कशाला? रिकाम्या जागेसाठी. एक्सेल रिकामा चौकोन शून्य धरतं. सरळ प्रश्न सुटला तर शून्य गुण, पण उलटा प्रश्न सुटला तर ४ वजा शून्य, म्हणजे पूर्ण ४! उत्तर न देणाऱ्याला सर्वांत जास्त ताण. म्हणून ओ कॉलममध्ये १० नसेल ती ओळ बाजूला काढा आणि तिचं काय करायचं ते गाइडला विचारून ठरवा. गूगल फॉर्मने उत्तरं १ ते ५ अशी दिली असतील, तर आधी सगळीकडून १ वजा करा. तसं न करता ६ मधून वजा करून उलटलंत, तर प्रत्येकाचे १० गुण उगाच वाढतील.

एल आणि एम हे दोन उपघटक. एल म्हणजे हतबलता, ० ते २४. एम म्हणजे आपल्याला सावरता येतं या विश्वासाचा अभाव, ० ते १६. 'अभाव' हा शब्द महत्त्वाचा, कारण उलटल्यावर जास्त गुण म्हणजे कमी विश्वास. तक्त्याला नुसतं 'आत्मविश्वास' असं नाव दिलंत, तर वाचणारा नेमका उलटा अर्थ काढेल.

उलटणं बरोबर झालं का, हे कसं ओळखायचं? प्रत्येक प्रश्नाचा बाकीच्या प्रश्नांच्या बेरजेशी सहसंबंध काढा. ४, ५, ७, ८ चा सहसंबंध ऋण आला आणि अल्फा फारच कमी निघाला, तर आधी उलटण्याकडेच बघा. आणखी एक गंमत. सगळीकडे ४ वर टिक करणाऱ्याची बेरीज २४ येते, सगळीकडे ० करणाऱ्याची १६. न वाचता एकच रांग भरणारे सगळे १६ ते २४ मध्येच पडतात. म्हणून बेरजेआधी मूळ उत्तरांवर एकदा नजर टाका.

आता कट-ऑफ. जिकडेतिकडे ०-१३ कमी, १४-२६ मध्यम, २७-४० जास्त अशा पट्ट्या दिसतात. पण ही मापनी निदानासाठी नाही आणि कोहेन यांनी स्वतः कट-ऑफ दिलेले नाहीत. १९८८ चे तुलनेचे आकडे १९८३ च्या एका पाहणीतल्या २,३८७ अमेरिकी लोकांचे आहेत. महाड-पोलादपूरला ते कसे लागू करणार? शिवाय या पट्ट्यांत आपल्या मीना आणि शालू दोघीही 'मध्यम'. आठ गुणांचा फरक पोटात गेला! उलट शालूने एकाच प्रश्नाला एक पायरी पुढचं उत्तर दिलं असतं, तर २७ होऊन ती 'जास्त' ठरली असती.

मग लिहायचं काय? दोन्ही उपघटकांची आणि एकूण गुणांची सरासरी, प्रमाण विचलन आणि गटांची तुलना: नदीकाठची घरं आणि उंचावरची घरं, असं. गाइडने पट्ट्या हव्याच म्हटलं, तर त्या प्रचलित आहेत, मूळ लेखकांच्या नाहीत, हे एका वाक्यात नोंदवा. आणि 'इतके टक्के लोक तणावग्रस्त रुग्ण' असं वाक्य निष्कर्षात कुठेही येऊ देऊ नका, कारण या दहा प्रश्नांनी ते विचारलेलंच नाही.