वाक्यांच्या चिठ्ठ्या, परिच्छेदांच्या फण्या

बालमित्रांनो, आपल्या सावद्यात केळीचा घड कोणी पाहिला नाही असं होणारच नाही! घडाच्या मधोमध दांडा असतो आणि फण्या त्याला धरून असतात. दांड्यापासून सुटलेली फणी घडात राहत नाही. निबंधाचंही असंच असतं. कसं, ते एका खऱ्या निबंधावरून पाहू या.

जवळच्या फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं. खेड्यात भरलेलं ते पहिलंच अधिवेशन. माझ्या वर्गातल्या एका मुलाने त्यावर निबंध लिहिला. त्याला सांगायचं होतं, ‘हे अधिवेशन नुसतं खेड्यात भरलं नाही, ते खेड्याचं झालं.’ हा झाला त्याच्या निबंधाचा दांडा. पण त्याने लिहिलं होतं असं:

‘(१) नंदलाल बोस हे शांतिनिकेतनचे मोठे चित्रकार होते. (२) शेतसारा व खंड कमी करावा, असे अधिवेशनात ठरले. (३) आमच्याकडे केळी खूप पिकतात. (४) गांधीजींनी नंदलालबाबूंना सजावटीसाठी बोलावले. (५) पंडित नेहरू अध्यक्ष होते. (६) सजावटीला बांबूसारख्या गावातल्याच वस्तू वापरल्या. (७) शेतकऱ्यांवरचा कर्जाचा बोजा हलका करावा, असेही ठरले.’

यातलं एकही वाक्य खोटं नाही. तरी वाचताना ठेच लागते ना? मग आम्ही कात्री घेतली. एकेक वाक्य एकेका चिठ्ठीवर लिहिलं आणि प्रत्येक चिठ्ठीला विचारलं, “तू कशाबद्दल बोलतेस?” १, ४ आणि ६ म्हणाल्या, ‘सजावटीबद्दल.’ २ आणि ७ म्हणाल्या, ‘शेतकऱ्यांबद्दल.’ झाल्या दोन फण्या! ५ वी चिठ्ठी ओळख करून देणारी, म्हणून ती निबंधाच्या सुरुवातीला नेली. ३ री मात्र कुठेच बसेना. ती खरी असली तरी या दांड्याची नव्हती, म्हणून काढून टाकली. मुलाला वाईट वाटलं, कारण ते त्याचं आवडतं वाक्य होतं!

आता पहिल्या फणीचं पहिलं वाक्य कोणतं? तो म्हणाला, “नंदलाल बोस मोठे चित्रकार होते, हेच.” पण तसं केलं तर पुढे वाचणारा नंदलालबाबूंच्या चरित्राची वाट पाहील. पहिल्या वाक्याने दांड्यातल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला हवं. अधिवेशन खेड्याचं कशावरून? असं उत्तर एकाही चिठ्ठीवर नव्हतं, म्हणून ते नव्याने लिहावं लागलं. शेवटी परिच्छेद असा झाला:

‘अधिवेशनाची सजावट खेड्यातल्या वस्तूंनी केली होती. गांधीजींनी त्यासाठी शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांना बोलावले. त्यांनी बांबूसारख्या गावात सहज मिळणाऱ्या वस्तू वापरल्या. म्हणजे अधिवेशनाला जागाच नव्हे, तर रूपही खेड्यानेच दिले.’

पहिलं वाक्य मुद्दा सांगतं. मधली दोन पुरावा देतात. ‘सजावट फार छान होती’ हा पुरावा नव्हे, ते आपलं मत झालं. कोणी केली, कशाने केली, हे सांगितलं की पुरावा होतो. शेवटचं वाक्य फणीला दांड्याशी जोडतं. इथे पुष्कळ मुलं चुकतात आणि पहिलंच वाक्य पुन्हा लिहितात. त्यापेक्षा पुरावा लिहून झाला की स्वतःला विचारा, “बरं, मग काय?” त्याचं उत्तर हेच तुमचं जोडणारं वाक्य.

शेतकऱ्यांच्या फणीचं पहिलं वाक्य मुलाने स्वतःच लिहिलं: ‘अधिवेशनात शेतकऱ्यांच्या प्रश्नांवर निर्णय झाले.’ त्याखाली २ आणि ७ ठेवल्या, आणि शेवटी लिहिलं, ‘म्हणजे दिसायलाच नव्हे, विचारानेही ते खेड्याचे होते.’ हा परिच्छेद आम्ही दुसरा ठेवला. सजावट डोळ्यांना आधी दिसते, पण निर्णयांचा पुरावा जास्त भक्कम. भक्कम पुरावा शेवटी आला की वाचणाऱ्याच्या मनात राहतो.

निबंध जमला की नाही, हे ओळखायची एक सोपी युक्ती आहे. प्रत्येक परिच्छेदाचं फक्त पहिलं वाक्य ओळीने वाचा. तेवढ्यावरून तुमचं म्हणणं घरातल्या कोणाला कळलं, तर फण्या जागेवर आहेत. नाही कळलं, तर पुन्हा चिठ्ठ्या करा.

एक मात्र ध्यानात ठेवा. गोष्ट लिहिताना किंवा आजीला पत्र लिहिताना हा साचा वापरू नका. तिथे आधी काय झालं, मग काय झालं, हाच क्रम बरा. काही पटवून द्यायचं असेल तेव्हाच कात्री काढा.

आणि पालकांनो, मुलांची वाक्यं तुम्ही लावून देऊ नका हं! फक्त एकेका चिठ्ठीवर बोट ठेवून विचारा, “ही कोणत्या फणीची?”