सहीच्या रकान्यात काय लिहायचं?

वाचनालयाची जुनी भेटवही संगणकावर उतरवताना नावं भराभर जातात. हात अडतो तो शेवटच्या रकान्यात. एक गिरकी, दोन फराटे, खाली रेघ आणि दोन टिंबं. समजा, शेजारी स्वच्छ अक्षरात 'ग. वि. पाटील' लिहिलंय. मग उतरवणारा सहीखालीही 'ग. वि. पाटील' टाकतो आणि पुढे सरकतो. त्या फराट्यांत मात्र तसं काहीच लिहिलेलं नसतं.

नाव आणि सही एकाच हातची असेलच असं नाही. नाव-गाव कारकुनाने भरायचं, पाहुण्याने फक्त सही करायची, असंही चाले. नावाआधी 'रा. रा.' दिसलं की हा संशय घ्यावाच, कारण स्वतःला कोणी राजमान्य राजश्री म्हणवत नाही. (त्या 'रा. रा.'ला आद्याक्षरं समजणारेही भेटतात!) सलग आठ नावं एकाच वळणाची आणि सह्या मात्र आठ तऱ्हांच्या, ही दुसरी खूण. अशा वेळी पाहुण्याच्या हातचं त्या ओळीत सहीशिवाय काहीच नसतं.

कचेरीतल्या नकलेत 'सही/-' लिहितात. त्यातून मूळ कागदावर सही होती एवढंच कळतं. भेटवहीसाठी थोडं अधिक हवं. आपले शब्द चौकटी कंसात टाकावेत, म्हणजे ते वहीतल्या मजकुरात मिसळत नाहीत. पाटलांची ओळ मग अशी होईल: नाव – ग. वि. पाटील, सही – [सही: शेवटी 'पाटील' वाचता येते, आधीचे अवाच्य]. काहीच लागत नसेल तर नुसतं [सही: अवाच्य]. रकाना रिकामा असेल तर [कोरे]. या दोन्हींची गल्लत झाली तर सही न करणारा आणि वाईट सही करणारा एकच होऊन बसतात. चार नावांना महिरप घालून एकच सही असेल, तर ती चारदा लिहू नये. पहिल्या ओळीत [एकच सही, ओळी 12 ते 15] पुरे.

आद्याक्षरं फोडू नयेत. रोमन 'एस' म्हणजे सदाशिव, शंकर किंवा षण्मुख, काहीही असू शकतं. म्हणून रोमन अक्षरं रोमनच ठेवावीत. जुन्या वहीत न लागणारी सही अवाच्य ठरवण्याआधी मोडी जाणणाऱ्याला दाखवावी. अंगठ्याच्या ठशाला [अंगठा] म्हणावं.

नाव कोरं आणि सही मात्र ओळखीची, हा खरा मोह. तेव्हाही नाव [कोरे]च ठेवून शेऱ्यात 'सही ओळ 31सारखी, बहुधा तीच व्यक्ती' लिहावं. मी एकदा असाच एक वारंवार येणारा पाहुणा शोधून काढला होता. नंतर तारखा लावून पाहिल्या, तर त्याची सही रोज एकदाच आणि दिवसाच्या शेवटच्या नोंदीखाली. तो वही तपासणारा ग्रंथपाल होता.