बिल टेबलावर आलं, आधी काय पाहायचं?

कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये पुण्याच्या व्यापाऱ्याकडून नट-बोल्टचं बिल आलं आहे, असं समजू. बिल फक्त 13,159 रुपयांचं. माल मिळाला, दर ठरलेलाच आहे का, पैसे कधी द्यायचे, हे पुढे स्टोअरवाला, खरेदीवाला आणि मालक ठरवतील. त्याआधी ते येतं क्लार्ककडे. त्याचं काम मर्यादित आहे: कागदावरचे आकडे, तारखा आणि जीएसटी नंबर एकमेकांशी जुळतात का, एवढंच पाहायचं. पाच-सात मिनिटांचं काम, पण क्रम चुकला तर चूक समोर असूनही दिसत नाही.

बहुतेक जण आधी शेवटची बेरीज तपासतात आणि तिथेच फसतात. आपल्या या बिलात तीन ओळी आहेत. बोल्ट 240 नग, दर 18.50, रक्कम 4,440. वॉशर 500 नग, दर 2.40, रक्कम 1,200. थ्रेडेड रॉड 35 नग, दर 156, रक्कम 5,640. तिन्हींची बेरीज 11,280 छापली आहे आणि ती बरोबर आहे. चूक बेरजेच्या वर आहे: 35 गुणिले 156 म्हणजे 5,460. टाइप करताना 4 आणि 6 यांची अदलाबदल झाली. म्हणून पहिला नियम असा, की छापलेल्या रकमांची बेरीज करण्याआधी प्रत्येक ओळीत नग गुणिले दर स्वतः करायचा. फरक 180 आला. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले की फरकाला नेहमी नऊने भाग जातो. जुने मुनीम फरक दिसला की तो आधी नऊने भागून पाहायचे, ते याचसाठी. भाग गेला म्हणजे अंकच फिरलेत असं सिद्ध होत नाही, पण शोध कुठे घ्यायचा ते कळतं.

टॅलीसारख्या सॉफ्टवेअरमधून निघालेल्या बिलात गुणाकार सहसा चुकत नाही. तिथे नग की डझन, किलो की टन, असा एककाचा घोळ असतो. हाताने किंवा एक्सेलमध्ये केलेल्या बिलात मात्र एखाद्या रकान्यात सूत्राऐवजी आकडाच टाइप केलेला असू शकतो.

आता खाली या. 11,280 वर पाच टक्के सूट, म्हणजे 564 वजा, आणि गाडीभाडं 350 अधिक. करपात्र रक्कम 11,066 लिहिली आहे. पण सीजीएसटी आणि एसजीएसटी नऊ टक्क्यांनी प्रत्येकी 1,046.70 लावला आहे. 11,066 चे नऊ टक्के 995.94 होतात. मग 1,046.70 कुठून आले? 11,630 वरून, म्हणजे सूट वजा करण्याआधीच्या रकमेवरून. बिलातच दाखवलेली सूट वजा करून उरलेल्या रकमेवर कर लागतो. विक्रेत्याने बिलात धरलेलं भाडं मात्र करपात्र रकमेत येतं. करावरून उलटा हिशेब करून तो कोणत्या रकमेवर लावला आहे हे काढणं, ही या तपासणीतली सर्वांत उपयोगी सवय आहे. दोन्ही चुका दुरुस्त केल्या तर करपात्र रक्कम 10,895, कर 1,961.10 आणि बिल 12,856 रुपयांचं होतं. 303 रुपये जास्त लागले होते, आणि तरीही छापलेली प्रत्येक बेरीज बरोबर होती.

तारखांकडे लोक फार वरवर पाहतात. या बिलाची तारीख 28 मार्च 2025 आहे. आपली ऑर्डर गेली 29 मार्चला. माल गेटवर आला 3 एप्रिलला. ऑर्डरच्या आदल्या दिवशीचं बिल पाहिल्यावरच थांबायला हवं. त्यातून बिलाचा नंबर आहे KH/25-26/0007. नंबरातलं वर्ष एप्रिलपासूनचं, तारीख मात्र मार्चची. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही. मार्चअखेरचा विक्रीचा आकडा फुगवायला मागची तारीख टाकली असेल, किंवा नुसता विसरभोळेपणा असेल. कारण शोधणं क्लार्कचं काम नाही, विसंगती नोंदवणं आहे.

ती नोंदवायलाच हवी, कारण या चार-पाच दिवसांवर वर्षभराचा फरक पडतो. खरेदीवरच्या कराचं क्रेडिट घ्यायची मुदत बिलाच्या आर्थिक वर्षानंतरच्या 30 नोव्हेंबरपर्यंत असते, किंवा त्या वर्षाचं वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरलं तर तेव्हापर्यंत. मार्च 2025 च्या बिलाला 30 नोव्हेंबर 2025, तर 2 एप्रिलच्या बिलाला 30 नोव्हेंबर 2026. म्हणूनच आवक शिक्क्यावर कागद हातात आल्याची खरी तारीख घालायची, बिलावरची उतरवून नाही. 22 सप्टेंबर 2025 ला जीएसटीचे अनेक दर बदलले. एसी, सिमेंट 28 वरून 18 टक्क्यांवर आले. त्या सुमाराच्या बिलांत तारीख पाहिल्याशिवाय दर बरोबर की चूक हे सांगताच येत नाही.

राहिला जीएसटी नंबर. पंधरा अक्षरांचा हा नंबर नुसता उतरवून घ्यायचा नसतो, वाचायचा असतो. नमुन्यादाखल 27ABCDE1234F1Z0 घ्या. पहिले दोन अंक राज्याचे: महाराष्ट्र 27, कर्नाटक 29, गोवा 30. पुढची दहा अक्षरं पॅनची. पॅनचं चौथं अक्षर धारकाचा प्रकार सांगतं: P व्यक्ती, C कंपनी, F भागीदारी. बिलावर ‘प्रायव्हेट लिमिटेड’ आणि पॅनमध्ये चौथं अक्षर P असेल तर विचारा. आपल्या नमुन्यात चौथं अक्षर D आहे. असा प्रकारच नाही, म्हणजे हा नंबर कुणाचाच नाही.

शेवटचं अक्षर आधीच्या चौदांवरून गणिताने काढलेलं असतं. 1234 ऐवजी 1324 लिहिलं की शेवटी 0 ऐवजी 1 यायला हवा. तो आला नाही की पोर्टल नंबर चुकीचा ठरवतं. पण हे गणित फक्त टायपिंगची चूक पकडतं. रद्द झालेला किंवा दुसऱ्याच दुकानाचा नंबर त्यातून सहज पास होतो. म्हणून services.gst.gov.in वर ‘Search Taxpayer’ मध्ये नंबर टाकून नाव आणि स्थिती पाहायची. लॉगिन लागत नाही. स्थिती Active हवी. प्रकार Composition दिसला आणि बिलात कर लावलेला असेल तर बिल तिथेच अडवा. कंपोझिशनवाल्याला ग्राहकाकडून कर घेताच येत नाही.

शेवटी सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट: बिलावरचा आपला स्वतःचा नंबर. तो एका अक्षराने चुकला तर आपलं क्रेडिट आपल्या खात्यात दिसणारच नाही, भले बाकी बिल निर्दोष असो. विक्रेता आणि आपण दोघंही 27 असू तर अशा मालावर सीजीएसटी-एसजीएसटी; विक्रेता 29 असेल आणि माल कर्नाटकातून इथे आला असेल तर आयजीएसटी.

चूक सापडली तरी बिलावर पेनने आकडे खोडून दुरुस्त करू नका. तो विक्रेत्याचा दस्तऐवज आहे. गुणाकार, कर आणि तारीख या तिन्ही हरकती एकाच पत्रात लिहून पाठवा. जादा रकमेची क्रेडिट नोट मागा, आणि तारखेचा खुलासा लेखी येईपर्यंत बिल पेमेंटच्या फायलीत जाऊ देऊ नका.