हनफी घरातला मालिकी दरवाजा

मौलाना अशरफ अली थानवी हे नाव अनेक मुस्लिम घरांत ‘बहिश्ती जेवर’मुळे ओळखीचे आहे. नव्या नवरीला हे पुस्तक भेट देण्याची रीत होती. नवऱ्याच्या आज्ञेत राहावे, घराची मर्यादा सांभाळावी, अशी शिकवण त्यात आहे. त्याच मौलानांनी 1930 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ‘अल-हीलतुन-नाजिझा’ नावाचे दुसरे पुस्तक सिद्ध केले. असहाय बायकोला वाईट लग्नातून सुटण्याचा शरियतमान्य मार्ग दाखवणे, हा त्याचा विषय. 1939 साली मुस्लिम स्त्रीला कोर्टातून निकाह रद्द करून घेण्याचा हक्क देणारा कायदा झाला, त्यामागे या पुस्तकाचा मोठा वाटा होता.

ही गोष्ट सांगताना कोणी मौलानांना सुधारक ठरवतात, तर कोणी म्हणतात की उलेमांना बायकांची नव्हे, फक्त मुसलमानांच्या संख्येची काळजी होती. आम्हांला दोन्ही सांगणी अपुरी वाटतात. का, ते पाहण्यासाठी आधी अडचण काय होती ते समजून घेऊ.

हिंदुस्थानातले बहुसंख्य सुन्नी मुसलमान हनफी. (आपल्या कोकणात शाफई मसलक आहे, तिथले नियम काही बाबतींत वेगळे.) हनफी फिक्हमध्ये बायकोला काझीकडून निकाह तोडून घेण्याची कारणे फार थोडी होती. नवरा नपुंसक असेल तर वाट होती. पण तो खर्च देत नाही, मारहाण करतो, यासाठी नव्हती. खुला मागता येई, पण त्याला नवऱ्याची संमती लागे. सर्वांत कठीण प्रसंग बेपत्ता नवऱ्याचा. त्याच्या वयाची माणसे मरेपर्यंत त्याला जिवंतच धरायचे, आणि ही मर्यादा साधारणपणे त्याच्या वयाच्या नव्वद वर्षांपर्यंत मोजली जाई. पंचवीस वर्षांचा नवरा घर सोडून गेला आणि बायको वीस वर्षांची असेल, तर हिशेबाने तिने पासष्ट वर्षे थांबायचे. म्हणजे ती मोकळी होणार पंच्याऐंशीव्या वर्षी.

मग पंजाबात काही बायकांनी भलतीच वाट धरली. नवरा-बायकोंपैकी कोणी इस्लाम सोडला तर निकाह आपोआप तुटतो, असे प्रचलित हनफी मत होते. इंग्रजांची कोर्टे तेच लावत. बायको ख्रिस्ती झाल्याचे सिद्ध झाले की लग्न संपले. जुन्या ग्रंथांत या नियमाला दुसरा भागही होता. अशा बाईला अटकेत ठेवून पुन्हा इस्लाममध्ये आणावे आणि त्याच नवऱ्याशी तिचा निकाह लावावा, असा तो भाग. म्हणजे सुटकेसाठी धर्म सोडण्यात अर्थ उरू नये, अशी ती योजना होती. इंग्रजी राज्यात हा दुसरा भाग लागू होणे शक्यच नव्हते. पहिला राहिला, दुसरा गळला, आणि कुलूप म्हणून केलेला नियम किल्ली होऊन बसला.

इकबाल यांनी 1930 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी व्याख्यानांत पंजाबातल्या या घटनांचा उल्लेख केला आणि असा नियम धर्माचे रक्षण करतो का, असा प्रश्न विचारला. त्यांचा कल इज्तिहादकडे, म्हणजे मूळ स्रोतांवर नव्याने विचार करण्याकडे होता. थानवींचा तसा नव्हता. ते तक्लीद मानणारे, एका इमामाच्या मार्गाने चालणारे होते. पूर्वी त्यांनी स्वतःही प्रचलित मताप्रमाणेच फतवा दिला होता.

इथे थोडे थांबून तक्लीदवाल्यांची भीती समजून घेतली पाहिजे, नाहीतर ते उगाच कठोर वाटतात. एका बाबतीत हनफी मत सोयीचे, दुसरीत शाफई, तिसरीत मालिकी, असे जो तो निवडू लागला तर शरियत मनाच्या लहरीची बटीक होईल, असे त्यांना वाटे. आणि निवडण्याची ताकद घरात बहुधा पुरुषाच्या हाती असते, हे विसरून चालणार नाही. पण हनफी परंपरेतच असेही मानले गेले होते की खरी निकड असेल तर मुफ्ती दुसऱ्या इमामाच्या मतावर फतवा देऊ शकतो. बेपत्ता नवऱ्याच्या बाबतीत पूर्वीच्या काही हनफी विद्वानांनी मालिकी मताला अशी मुभा दिलीही होती.

थानवींनी हीच मुभा हाती घेतली, पण सावधपणे. त्यांनी मदीनेतल्या मालिकी मुफ्तींना प्रश्न पाठवले आणि त्यांची लेखी उत्तरे मिळवून पुस्तकात घातली. इतर उलेमांचे मत घेतले. मग मांडले ते असे: खर्च न देणारा किंवा बेपत्ता झालेला नवरा असेल तर मालिकी नियम लावता येईल. बेपत्त्यासाठी काझीच्या हुकुमापासून चार वर्षे, त्यानंतर चार महिने दहा दिवसांची इद्दत. जिथे मुस्लिम काझी नाही, तिथे दीनदार मुसलमानांची पंचायत निकाल देईल. ही सोयही मालिकी फिक्हमधलीच. निकाहाच्या वेळीच अट घालून तलाकचा अधिकार बायकोकडे सोपवता येतो, याचीही त्यांनी आठवण दिली. त्याच वेळी, धर्म सोडल्याने बाईचा निकाह तुटत नाही, हे बल्ख आणि समरकंदच्या जुन्या हनफी विद्वानांचे मत त्यांनी उचलले.

एक दरवाजा उघडला, एक बंद केला. यात दया होती की संख्येची चिंता? त्या दशकात धर्मांतर हा हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती संस्थांमधला चढाओढीचा विषय होता, तेव्हा चिंता नक्कीच होती. पण फक्त तेवढीच असती तर दुसरा दरवाजा बंद करून काम भागले असते. मालिकी नियम शोधायला मदीनेपर्यंत पत्रे धाडण्याची गरज नव्हती.

1936 साली मुहम्मद अहमद काझमी यांनी केंद्रीय विधिमंडळात विधेयक मांडले. जमियत-ए-उलेमा-ए-हिंदचा त्याला पाठिंबा होता. त्यात एक कलम असे होते की असे दावे फक्त मुस्लिम न्यायाधीशाने ऐकावेत. उलेमांसाठी हा तपशील नव्हता, पाया होता. कारण त्यांच्या मते निकाह तोडण्याचा अधिकार मुस्लिम काझीलाच पोचतो. समितीत विधेयकाची छाननी झाली तेव्हा हे कलम गळले. 1939 चा आठवा कायदा त्याच्याविना मंजूर झाला. चार वर्षे ठावठिकाणा नसणे, दोन वर्षे खर्च न देणे, सात वर्षांची कैद, क्रूर वागणूक, अशी कारणे त्यात आली. इस्लाम सोडल्याने तेवढ्यावरून मुस्लिम स्त्रीचा निकाह तुटत नाही, हेही आले. जन्माने परधर्मीय असून इस्लाममध्ये आलेली आणि आपल्या मूळ धर्मात परत गेलेली स्त्री मात्र यातून वगळली.

कायदा झाला म्हणून ज्यांच्या पुस्तकातून तो निघाला ते उलेमा खूश होते, असे नाही. मुस्लिम न्यायाधीशाविना दिलेला निकाल शरियतप्रमाणे पुरा कसा मानायचा, असा त्यांचा आक्षेप होता. दुसरीकडे, मुस्लिम न्यायाधीशाची वाट पाहायला लावली असती तर लहान गावातल्या बाईने जायचे कुठे, हा सवालही खरा होता.

आजही कोर्टाकडून निकाल मिळवलेली बाई पुन्हा दारुल-कझात जाऊन फस्ख मागताना दिसते. दुसरा निकाह करायचा आहे, इमामसाहेब विचारतात, सासरचे बोट दाखवतात. वकिलाची फी एकदा दिली, आता काझींपुढे तेच साक्षीदार, तेच कागद. 1939 साली गळलेल्या त्या एका कलमाची ही किंमत ती बाई दुसऱ्या खेपेने भरते.